फॅकल्टी अर्जातलं डायव्हर्सिटी स्टेटमेंट: ‘माझा विश्वास आहे’च्या जागी काय लिहायचं?

प्रश्न: अमेरिकेत रसायनशास्त्रात पोस्टडॉक करतोय. यंदा असिस्टंट प्रोफेसरच्या जागांसाठी अर्ज भरतोय. काही ठिकाणी दोन पानांचं डायव्हर्सिटी स्टेटमेंट, म्हणजे वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी काय केलं आणि काय करणार याचं निवेदन, मागितलंय. मी लिहिलंय की सगळ्या विद्यार्थ्यांना समान संधी मिळावी यावर माझा विश्वास आहे, मी स्वतः महाराष्ट्रातल्या लहान गावातून, मराठी माध्यमातून आलोय, वगैरे. माझ्या बॉस म्हणतात, ‘हे कुणीही लिहील.’ मी टीचिंग असिस्टंट म्हणजे टीए होतो, दोन अंडरग्रॅड विद्यार्थ्यांना लॅबमध्ये शिकवलं, एवढंच. यातून ठोस काय लिहू?

उत्तर:

तुमच्या बॉसनी नेमकं दुखणं ओळखलंय. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते आणि नवे प्राध्यापक निवडणाऱ्या सर्च कमिट्यांवर अनेकदा काम केलंय. आमच्यासमोर येणाऱ्या बहुतेक स्टेटमेंट्सचा पहिला परिच्छेद तुम्ही लिहिलाय तसाच असतो. तो खोटा नसतो. पण तुमचं नाव झाकून दुसऱ्या उमेदवाराचं नाव घातलं तरी तो तितकाच खरा राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आधी स्वतःच्या प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावा. पहिल्या फेरीत अर्धं पान तरी गळेल.

वाचणारे हा कागद कसा वाचतात ते माहीत असलं की पुढचं सोपं होतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं आपलं मूल्यमापनाचं रुब्रिक उघडपणे प्रसिद्ध केलं होतं आणि इतर अनेक विभागांनी ते कमीअधिक फरकानं उचललं. त्यात तीन भाग होते: या विषयाची उमेदवाराला असलेली समज, आजवर केलेलं काम आणि इथे आल्यावरची योजना. प्रत्येक भागाला १ ते ५ गुण. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवतो’, ‘मी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो’ अशा वाक्यांना तळाचे गुण मिळत, कारण ते प्रत्येक प्राध्यापकाकडून अपेक्षितच असतं. वरचे गुण मिळत ते अडचण नेमकी ओळखून, तिच्यावर काही काळ टिकून काम करणाऱ्याला. विश्वास, बांधिलकी, तळमळ यांच्यासाठी रुब्रिकमध्ये रकानाच नाही.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा: तो कागद त्या विद्यापीठाला आज हवाय का? गेल्या काही वर्षांत चित्र झपाट्यानं बदललंय. एमआयटीनं मे २०२४मध्ये ही अट काढली, हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेनं जून २०२४मध्ये, मिशिगन विद्यापीठानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठानं मार्च २०२५मध्ये. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांना तर १ जानेवारी २०२४पासून कायद्यानंच असं निवेदन मागायला मनाई आहे. तिथे आपणहून जोडायला जाऊ नका. कमिटीला ते विचारात घेता येणार नाही आणि तुम्ही जाहिरात नीट वाचली नाही एवढंच दिसेल. कॅनडात मात्र अनेक ठिकाणी अजून मागतात. तुम्ही खाली सांगते तसं कामावर आधारलेलं लिहिलंत, तर जिथे स्टेटमेंट नाही तिथे तोच मजकूर टीचिंग स्टेटमेंटमध्ये बसतो, एक शब्दही वाया जात नाही. मूल्यांवर आधारलेला मजकूर मात्र कुठेच बसत नाही.

आता मुख्य काम. ‘एवढंच’ म्हणून तुम्ही जे एका ओळीत उडवलंय, त्यातच तुमचं स्टेटमेंट आहे. ते कसं बाहेर काढायचं हे एका उदाहरणानं सांगते. एका पोस्टडॉकचा मसुदा मी तिच्याबरोबर बसून दुरुस्त केला होता. तिच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून देते. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत मांडते. तिचं पहिलं रूप असं होतं:

‘जनरल केमिस्ट्रीच्या लॅबची टीए म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला आपलं वाटेल असं वातावरण तयार केलं. वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी माझ्याकडे मोकळेपणानं अडचणी घेऊन येत.’

मी तिला विचारलं, कोण येत नव्हतं? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिला बरंच आठवलं. तिचे ऑफिस अवर्स बुधवारी दुपारी तीन ते पाच होते. चोवीस जणांच्या सेक्शनमधून तेच ते चार-पाच चेहरे येत. तिसऱ्या आठवड्यात तिनं सगळ्यांना एक चिठ्ठी भरायला दिली होती: कोणत्या वेळी येऊ शकाल, आणि आत्ताच्या वेळी का येत नाही? उत्तरांत दुपारच्या नोकऱ्या होत्या, आणि लांबून गाडी चालवत येणारे, म्हणून सगळे तास दोनच दिवसांत कोंबून घेतलेले विद्यार्थी होते. तिनं एक तास लॅब संपल्यावर लगेच, त्याच खोलीत ठेवला आणि दुसरा रात्री आठ वाजता झूमवर. त्यानंतर आठवड्याला अकरा-बारा जण येऊ लागले.

तरीही दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून बदली होऊन आलेले विद्यार्थी फारसे दिसेनात. तिनं त्यांचे तपासलेले रिपोर्ट पुन्हा काढून पाहिले. त्यांचे गुण रसायनशास्त्रात जात नव्हते. आकृतीखालचं वर्णन, त्रुटींचं विश्लेषण, चर्चेचा भाग, इथे जात होते. आधीच्या कॉलेजात त्यांनी छापील वर्कशीट भरली होती, अख्खा रिपोर्ट कधी लिहिला नव्हता. तो कसा लिहायचा हे या कोर्समध्ये कुणी शिकवत नव्हतं, कारण आधीच्या कोर्समध्ये शिकवलं असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पुढच्या सेमिस्टरला तिनं स्वतः एक नमुना रिपोर्ट लिहिला, कुठे आणि का गुण कापले जातात ते समासात लिहिलं, आणि पहिल्या रिपोर्टचा एक कच्चा मसुदा गुण न देता तपासून परत दिला. कोर्स कोऑर्डिनेटरनं पुढे तो नमुना सगळ्या सेक्शन्सना दिला. झूमचा तास मात्र मिडटर्मनंतर ओस पडला, तेव्हा तिनं तो बंद करून तो वेळ मसुदे वाचण्याला दिला.

हे सगळं तिनं खरोखर केलेलं होतं आणि मसुद्यात यातलं काहीही नव्हतं. नव्यानं लिहिलेला परिच्छेद असा झाला:

‘माझ्या जनरल केमिस्ट्री लॅबच्या चोवीस विद्यार्थ्यांपैकी चार-पाचच ऑफिस अवर्सना येत. तिसऱ्या आठवड्यात घेतलेल्या लेखी पाहणीतून कळलं की नोकरी आणि लांबचा प्रवास यांमुळे बाकीच्यांना दुपारची वेळ जमत नाही. मी एक तास लॅबला जोडून आणि एक रात्री ऑनलाइन ठेवला. त्यानंतर आठवड्याला अकरा-बारा जण येऊ लागले. बदली होऊन आलेले विद्यार्थी तरीही कमीच येत होते. त्यांचे रिपोर्ट पाहता गुण लेखनाच्या अपरिचित साच्यामुळे जात होते, विषयाच्या आकलनामुळे नव्हे. पुढच्या सेमिस्टरला मी टिपांसह नमुना रिपोर्ट आणि गुण नसलेला पहिला मसुदा सुरू केला. ऑनलाइन तासाला प्रतिसाद टिकला नाही, म्हणून तो वेळ मसुदे तपासण्याकडे वळवला. नमुना रिपोर्ट आता कोर्सच्या सगळ्या सेक्शन्समध्ये वापरला जातो.’

यात एकही विशेषण तिच्या स्वभावाबद्दल नाही. कुणाला काय अडत होतं, ते तिला कसं कळलं, तिनं काय बदललं, त्याचं काय झालं आणि ती गेल्यावर मागे काय उरलं, एवढंच आहे. कमिटीतला रसायनशास्त्रज्ञ हे वाचून थांबतो, कारण ही अडचण त्याच्या विभागातही आहे. बंद पडलेल्या तासाचं वाक्य तिला काढायचं होतं. मी ठेवायला लावलं. परिणाम पाहून निर्णय बदलणारी व्यक्ती आहे हे त्या वाक्यावरूनच कळतं, आणि बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो तोही त्यामुळेच.

तुम्हीही आठवणीवर विसंबू नका. जुने ईमेल, कोर्सची पानं, कॅलेंडर, सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेले अभिप्राय काढा. टीए म्हणून तुम्ही नियमाबाहेर जाऊन काय बदललंत ते शोधा: एखादी वेळ, एखादं हँडआउट, परीक्षेची सूचना, गट पाडायची पद्धत. मग त्या दोन अंडरग्रॅडकडे या. ते तुमच्या लॅबमध्ये आले कसे? कुणाच्या ओळखीनं, की जाहिरात वाचून? त्यांना पगार किंवा क्रेडिट होतं, की ते फुकट राबत होते? हे मी मुद्दाम विचारते. बिनपगारी लॅबकाम म्हणजे ज्याला पैसे कमवायची गरज नाही त्यालाच संशोधनाचा अनुभव. ही गाळणी नकळत लावली जाते. तुम्ही त्यांच्यापैकी एकासाठी उन्हाळ्याचा स्टायपेंड मिळवायला अर्ज लिहून दिला असेल, तर तो तुमच्या स्टेटमेंटचा कणा आहे. मिळाला नसला तरीही लिहा. शेवटी त्यांना स्वतःचा प्रश्न मिळाला का, पोस्टर कुणी मांडलं, पेपरात त्यांची नावं आली का, हेही लिहा.

आकड्यांबाबत सावध राहा. चोवीस जणांवर टक्केवारी काढू नका. ‘उपस्थिती १५० टक्क्यांनी वाढली’ हे वाचून शास्त्रज्ञ वाचकाच्या कपाळावर आठी पडते. ‘चोवीसपैकी अकरा’ हे प्रामाणिक आणि पुरेसं आहे. तुमच्या बदलामुळेच गुण वाढले असा दावाही करू नका. आधी असं होतं, नंतर असं झालं, एवढं म्हणा. विद्यार्थ्यांची ओळख सांभाळणं तर त्याहून महत्त्वाचं. तुमचे विद्यार्थी दोनच आहेत आणि त्यांची नावं बहुधा तुमच्या पेपरांत आहेत. ‘माझी एक विद्यार्थिनी, घरातली पहिली कॉलेजात गेलेली, नैराश्याशी झगडत होती’ असं लिहिलंत की कमिटीला दोन मिनिटांत तिचं नाव सापडेल. तिच्या आयुष्याचा तपशील गाळा आणि तुम्ही बदललेल्या व्यवस्थेवर लिहा: प्रोटोकॉल लेखी केले, दर शुक्रवारी ठरावीक वेळ दिली, सुट्टी कशी मागायची ते पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणी स्वतः सांगितलेलं नसताना त्याची पार्श्वभूमी चेहऱ्यावरून किंवा आडनावावरून ठरवून लिहिणं तर कटाक्षानं टाळा.

‘समज’ या भागासाठी लोक अर्धं पान संशोधनाचे संदर्भ भरतात. एक पुरतो, पण तो तुमच्या कृतीला जोडलेला हवा. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतं ते गणितज्ञ यूरी ट्रिसमन यांचं काम. १९७०च्या दशकात बर्कलीत कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास का होतात याची कारणं प्राध्यापक ठामपणे सांगत: प्रेरणा कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही. ट्रिसमन यांनी विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिलं, तेव्हा ही कारणं टिकली नाहीत. ठळक फरक असा निघाला की कृष्णवर्णीय विद्यार्थी एकेकटे अभ्यास करत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी गटात बसून एकमेकांची उत्तरं तपासत होते. ट्रिसमन यांनी मग उजळणीवर्ग न काढता गटानं अवघड गणितं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि निकाल बदलले. माझ्या त्या पोस्टडॉकनं चिठ्ठ्या भरून घेतल्या, जुने रिपोर्ट काढले, ते याच जातीचं काम होतं. तुमच्या हातून असं काही झालं असेल तिथेच हा संदर्भ एका वाक्यात द्या.

आता तुमचं गाव आणि मराठी माध्यम. ते लिहायचंच नाही असं माझं म्हणणं नाही, पण सध्या ते कामाच्या जागी बसलंय. अमेरिकन कमिटीच्या दृष्टीनं आणखी एक अडचण आहे. विज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा वांशिक गटांची नॅशनल सायन्स फाउंडेशनची यादी कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी यांची आहे. आशियाई त्यात नाहीत. रसायनशास्त्राच्या विभागात ‘मी स्वतः अल्पसंख्य आहे’ एवढ्यावर भारतीय उमेदवार थांबला तर ते वाचणाऱ्याला खटकतं. कॅनडाच्या रोजगार समता कायद्यात मात्र दृश्यमान अल्पसंख्य हा गट आहे आणि दक्षिण आशियाई त्यात येतात. पण तिथेही ती माहिती वेगळ्या अर्जात, स्वतःहून नोंदवायची असते. शिवाय कॅलिफोर्नियात १९९६च्या प्रपोझिशन २०९नुसार सरकारी नोकरीत वंश किंवा लिंगावरून झुकतं माप देता येत नाही. म्हणजे तुम्ही कोण आहात याला तिथे गुण नाहीतच, काय केलंत याला आहेत.

तुमच्या अनुभवाचा उपयोग कृतीचं मूळ म्हणून करा. अकरावीला विज्ञान घेतलं की वर्ग एकदम इंग्रजीत सुरू होतो, हे तुम्ही भोगलंय. विषय येत असतो, प्रश्नच कळत नाही. वाचणाऱ्याला महाराष्ट्राची शाळाव्यवस्था समजावत बसू नका, एक वाक्य पुरे: ‘दहावीपर्यंत मी मातृभाषेत शिकलो आणि अकरावीत विज्ञान अचानक इंग्रजीत आलं.’ लगेच पुढच्या वाक्यात: ‘म्हणून टीए असताना मी प्रश्नपत्रिकेतली लांबलचक वाक्यं तोडली आणि रसायनशास्त्राशी संबंध नसलेले अवघड शब्द काढले.’ असं काही तुम्ही केलं असेल तर. नसेल केलं, तर तो अनुभव एका वाक्याच्या पुढे नेऊ नका.

जातीबद्दल मला अनेक मराठी उमेदवार खाजगीत विचारतात. तुम्ही दलित, आदिवासी किंवा भटक्या-विमुक्त समाजातून आला असाल तर ते सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. कमिटी विचारू शकत नाही आणि न सांगितल्यानं काही बिघडत नाही. सांगायचं असेल तर आज वाचणाऱ्यांना तो शब्द पूर्वीइतका परका राहिलेला नाही. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं २०२२मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. पण तुम्ही सवर्ण घरातून आला असाल, तर भारतातली गैरसोय सांगताना जातीनं दिलेली सोय गाळून आपण वंचित होतो असं चित्र उभं करू नका. कमिटीवर आता भारतीय असतात, आणि आम्हाला ते कळतं.

योजनेच्या भागात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. नवीन प्राध्यापक पहिल्या वर्षी केंद्र काढणार, उन्हाळी शिबिर भरवणार, शाळांशी भागीदारी करणार. वाचणाऱ्याला माहीत असतं की पहिली दोन वर्षं लॅब उभी करण्यात आणि ग्रँट लिहिण्यात जाणार. त्यापेक्षा एक-दोन गोष्टी सांगा, ज्या तुमच्याच अधिकारात आहेत आणि तुमच्या जुन्या कामातून निघतात. उदाहरणार्थ: लॅबमधल्या अंडरग्रॅड जागा ओळखीवर भरणार नाही, दर सेमिस्टरला तुमच्या नेहमीच्या कोर्सच्या सगळ्या विद्यार्थ्यांना जाहिरात जाईल, पूर्वानुभवाची अट नसेल, सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारले जातील आणि निवडलेल्याला तासाचा पगार मिळेल. पैसे कुठून येणार तेही लिहा: आधी लॅब उभी करायला विद्यापीठ देतं त्या स्टार्टअप फंडातून, पुढे ग्रँटच्या बजेटमध्ये अंडरग्रॅड पगाराची ओळ घालून. आणि कसं तपासणार: दरवर्षी किती अर्ज आले, कितीजण दुसऱ्या सेमिस्टरलाही टिकले.

हे प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं करावं लागतं, त्यावर तासभर खर्च करा. त्या विभागात विद्यार्थी बदली होऊन येतात का, जवळ कोणतं कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे वंचित गटांतल्या अंडरग्रॅडना संशोधनाकडे आणणारा मॅकनेअर किंवा एलएसएएमपीसारखा कार्यक्रम आधीच चालू आहे का, ते त्यांच्या पानांवर मिळतं. असेल तर नवीन काही काढण्यापेक्षा ‘मी त्या कार्यक्रमातून दरवर्षी एक विद्यार्थी घेईन’ हे वाक्य जास्त वजनदार आहे, आणि तुम्ही पाळू शकाल असं आहे.

लांबीचं म्हणाल तर दोन पानं भरायलाच हवीत असं नाही. तुमच्याकडे दोन ठोस गोष्टी असतील तर सव्वा पान पुरे: अर्ध्याहून जास्त जागा केलेल्या कामाला, पाव योजनेला, उरलेली समज आणि स्वतःचं मूळ यांना. काहीच सापडलं नाही असं वाटलं तर घाईघाईनं एखाद्या संस्थेत दोन शनिवार घालवून ते लिहू नका. तारखा वाचल्या की ते उघडं पडतं. त्यापेक्षा लहान पण खरं काम लिहा.

आणि जे लिहाल त्याची तयारी ठेवा, कारण मुलाखतीत तेच उचललं जातं. मी हमखास दोन प्रश्न विचारते: हे करताना काय सोडून द्यावं लागलं, आणि आमच्याकडे दीडशे विद्यार्थ्यांचा वर्ग आहे, तिथे यातलं काय चालणार नाही? ज्यानं काम केलेलं असतं तो दुसऱ्या प्रश्नावर लगेच बोलायला लागतो. चोवीस जणांचे मसुदे एकटीनं तपासता येतात, दीडशेचे नाही, मग टीएंना आधी एक तास शिकवावं लागेल, किंवा विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे मसुदे एका यादीवरून तपासावेत. अर्ज पाठवण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून पाहा. ज्या परिच्छेदाबद्दल लिहिता आलं नाही, तो स्टेटमेंटमधून काढा.